चार तासांचा उपचार आणि चोवीस तासांची अट

सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. त्याच संग्रामपूर तालुक्याची खालच्या अंगाची गावे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीचे आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही इतके खारे, आणि घरोघरी किडनीच्या आजाराची नावे पाठ, अशी या भागाची ओळख झाली त्याला बरीच वर्षे लोटली. वान धरणाचे पाणी नळाने आणण्यासाठी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत 140 गावांची पाणीपुरवठा योजना घ्यावी लागली, यावरूनच प्रश्नाचा आवाका कळतो. खारे पाणी आणि मूत्रपिंडाचा आजार यांचे नेमके नाते विज्ञानाने अजून पुरते उलगडलेले नाही. मधुमेह, रक्तदाब, उन्हातले कष्ट, अंगदुखीच्या गोळ्या हीही कारणे त्यात मिसळलेली आहेत. पण ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली त्याला कारणांची चर्चा पुरत नाही. त्याला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा खामगाव, अकोला अशा ठिकाणचे डायलिसिसचे यंत्र गाठावे लागते, चार तास त्याला जोडून पडावे लागते आणि संध्याकाळी घरी परतावे लागते.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. आरोग्य विमा म्हणजे निदान चोवीस तास दवाखान्यात भरती व्हावे लागते, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. मग सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाचे पैसे मिळतात का? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे काय, जी आता पाऊण तासात आटोपते? उत्तर असे की दोन्हींचे पैसे मिळू शकतात आणि त्यासाठी एकही रात्र दवाखान्यात काढावी लागत नाही. मात्र हे दोन उपचार विम्यात वेगवेगळ्या दारांनी आलेले आहेत. ती दारे ओळखली नाहीत, तर मिळणारा पैसा अडतो.

चोवीस तासांची अट आली कुठून, हे आधी पाहू. सरकारी विमा कंपन्यांनी 1986 साली ‘मेडिक्लेम’ पॉलिसी बाजारात आणली. तेव्हाचा मोतीबिंदू आठवावा. डोळ्याला मोठा छेद, टाके, पट्टी, हलायचे नाही, खोकायचे नाही आणि काही दिवसांची भरती. त्या काळात शस्त्रक्रिया म्हणजे खाट हे समीकरण खरे होते. विमा कंपनीलाही साध्या तपासणीचा आणि गोळ्या-औषधांचा खर्च वगळून फक्त मोठ्या आजाराचा खर्च उचलायचा होता. त्यासाठी चोवीस तास ही सोपी फूटपट्टी होती. घड्याळ पाहायचे आणि ठरवायचे.

पुढे वैद्यकच बदलले. मोतीबिंदूसाठी आता दोन-तीन मिलिमीटरचा छेद पुरतो. त्यातून बारीक सुई आत जाते, ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडते आणि ओढून घेते. घडी घातलेले कृत्रिम भिंग त्याच छिद्रातून आत सरकवले की ते आत जाऊन उघडते. टाका नाही, भूल डोळ्यापुरती, आणि रुग्ण दोन-तीन तासांत घरी. शस्त्रक्रिया तीच, किंबहुना अधिक सुरक्षित. फक्त खाट गळाली. फूटपट्टी जुनीच ठेवली असती, तर विज्ञान सुधारल्याची शिक्षा रुग्णाला झाली असती.

म्हणून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ‘डे केअर’ उपचाराची व्याख्या ठरवून दिली. ती थोडक्यात अशी : भूल देऊन, मग ती पूर्ण असो वा त्या भागापुरती, दवाखान्यात किंवा डे केअर केंद्रात केलेला उपचार किंवा शस्त्रक्रिया, जी तंत्रज्ञान सुधारल्यामुळे चोवीस तासांच्या आत होते आणि तसे नसते तर चोवीस तासांहून अधिक भरती लागली असती. जे उपचार एरवीही बाह्यरुग्ण विभागातच होतात ते यात येत नाहीत. म्हणजे टाके काढणे, मलमपट्टी, साधे प्लास्टर, सलाईनची एखादी बाटली यांना ‘डे केअर’ म्हणता येणार नाही. मोतीबिंदू या व्याख्येत नेमका बसतो. भूल आहे, ऑपरेशन थिएटर आहे, आणि पूर्वी भरती लागत होती.

डायलिसिस मात्र या व्याख्येत सरळ बसत नाही, कारण त्यात भूलच नसते. हाताच्या फिस्टुलात दोन सुया टोचतात, एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून परत येते. तरीही डायलिसिसला पैसे मिळतात ते नाव घेऊन. मेडिक्लेमच्या जुन्या पॉलिसींतच एक वाक्य असे की डायलिसिस, केमोथेरपी, रेडिओथेरपी, डोळ्याची शस्त्रक्रिया, मुतखडा फोडणे, टॉन्सिल काढणे अशा उपचारांना चोवीस तासांची अट लागू नाही. पुढे पॉलिसीसोबत डे केअर उपचारांची लांबलचक यादी जोडण्याची पद्धत पडली. तेव्हा मोतीबिंदूवाल्याने व्याख्या वाचावी आणि डायलिसिसवाल्याने यादी. आपल्या पॉलिसीत ‘डायलिसिस’ हा शब्द कुठे आणि कोणत्या अटीसह आला आहे, ते पान शोधून त्यावर खूण करून ठेवावी. पॉलिसी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते ही तक्रार खरीच आहे. गावातल्या शिक्षकाकडून किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून एवढे एक पान वाचून घेतले तरी काम भागते.

घड्याळ ही कसोटी नाही, याचा दुसरा पुरावा उलट बाजूने मिळतो. कुणी तपासण्यांसाठीच दोन रात्री भरती राहिला, रक्त, सोनोग्राफी, एमआरआय सगळे झाले, पण उपचार असा काही झालाच नाही, तर छत्तीस तास राहूनही दावा नाकारला जातो. केवळ निदानासाठीची भरती देय नाही, असा स्वतंत्र अपवाद प्रत्येक पॉलिसीत असतो. चोवीस तास पुरे केले की पैसे पक्के, आणि कमी राहिलो की बुडाले, ही दोन्ही गणिते चुकीची आहेत.

या गैरसमजातून एक वाईट चाल पडली आहे. ‘एक रात्र कागदावर दाखवून देतो, म्हणजे क्लेमला त्रास नाही’ असे काही ठिकाणी रुग्णाच्या नातेवाइकाला सांगतात. नातेवाइकालाही ते उपकारासारखे वाटते. प्रत्यक्षात ज्या उपचाराचे पैसे खरेपणाने मिळणार होते, त्यालाच खोट्या कागदाचा डाग लागतो. कंपनीचा तपासनीस नर्सच्या नोंदी, औषधांचे तक्ते, कधी कॅमेऱ्याचे चित्रणही मागतो. दुपारी तीन वाजता रुग्ण बसस्टँडवर आणि केसपेपरवर रात्री दहाचा रक्तदाब, असे आढळले की तो फसवणुकीचा दावा ठरतो. मग त्या बिलासोबत पॉलिसीही रद्द होऊ शकते. शिवाय खोलीभाडे विनाकारण वाढते आणि विमा रकमेतून तेवढे कमी होते. दवाखाना असे सुचवत असेल तर स्पष्ट नाही म्हणावे, आणि डिस्चार्ज कार्डावर येण्याची आणि जाण्याची खरी वेळ लिहून मागावी.

आता मोतीबिंदूचा हिशेब एका उदाहरणाने करू. समजा, सोनाळ्यातल्या एका 62 वर्षांच्या आईसाठी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ‘आरोग्य संजीवनी’ ही पॉलिसी घेतली आहे, विमा रक्कम 3 लाख. ही पॉलिसी एप्रिल 2020 पासून सर्व कंपन्या एकाच नमुन्यात विकतात, म्हणून उदाहरणाला सोयीची. तिच्यात मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40 हजार रुपये, यांतली कमी असेल ती मर्यादा आहे. 3 लाखांचे 25 टक्के म्हणजे 75 हजार, पण 40 हजार कमी, म्हणून मर्यादा 40 हजारांची. बिल आले 52 हजारांचे. कंपनी आधी ते 40 हजारांवर आणते, त्यातून 5 टक्के विमाधारकाचा वाटा वजा होतो, म्हणजे 2 हजार. हाती 38 हजार येतात आणि 14 हजार घरचे जातात. विमा रक्कम 1 लाखच असती, तर 25 टक्क्यांचे 25 हजार झाले असते आणि हाती 23,750 आले असते. एवढे आधी माहीत असेल, तर डॉक्टरांनी दाखवलेल्या तीन भिंगांपैकी कोणते घ्यायचे ते घरच्या ऐपतीने ठरवता येते. महागड्या भिंगाचा जादा भार बहुतेक वेळा रुग्णावरच पडतो. कंपनीने फसवले असे त्यात नेहमीच नसते.

याच पॉलिसीत मोतीबिंदूला 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ आहे. विसाव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली, तर डे केअर असो वा आठवडाभराची भरती, हाती काहीच येणार नाही. पिकलेला मोतीबिंदू सहसा आणीबाणीचा नसतो. डॉक्टर चार महिने थांबता येईल म्हणत असतील, तर थांबणे शहाणपणाचे. मात्र डोळ्यातला दाब वाढत असेल, डोळा लाल होऊन दुखत असेल, तर पैशासाठी थांबू नये. तो डोळा परत मिळत नाही. मुलाच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल, तर तिच्यात प्रतीक्षा काळ अनेकदा नसतो, पण आई-वडिलांच्या मोतीबिंदूवर वेगळी मर्यादा असू शकते. एचआर विभागाला एक फोन करून ती विचारून घ्यावी.

कागदांपैकी दोन असे आहेत की ज्यांच्याविना मोतीबिंदूचा दावा हमखास अडकतो. पहिला म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी त्या डोळ्याने किती दिसत होते याची नोंद, 6/24 किंवा 6/36 अशी लिहिलेली. ती कशासाठी? चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, नंबर फार मोठा नसेल तर, विम्यात बसत नाही, आणि भिंग खरोखर गढूळ झाले होते हे कंपनीला त्या नोंदीवरून पटते. दुसरा म्हणजे भिंगाच्या डबीवरचा स्टिकर. त्यावर भिंगाची कंपनी, पॉवर आणि अनुक्रमांक असतो. तो केसपेपरवर चिकटवलेला असावा. डबी कचऱ्यात गेली आणि स्टिकर हरवला, तर भिंगाच्या किमतीवरून वाद होतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना कंपनीला 48 तास आधी द्यायची असते. कॅशलेस नसेल, तर कागद डिस्चार्जपासून 30 दिवसांच्या आत पोहोचवायचे असतात.

डोळ्याच्या बाबतीत एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांना डोळ्यात इंजेक्शन देतात. तेही थिएटरमध्ये, थेंबांची भूल देऊन, दहा मिनिटांत. त्याला ‘हे तर बाह्यरुग्ण’ म्हणून नकार देण्याची सवय होती. नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली, तिच्यात या इंजेक्शनांचे नाव घातले. तेव्हापासून तो नकार तसाच मान्य करण्याचे कारण उरलेले नाही, मर्यादा मात्र असू शकते.

डायलिसिसचा हिशेब मोतीबिंदूसारखा एका दिवसात संपत नाही, म्हणून तो वेगळ्या नजरेने करावा लागतो. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे 168 तास काम करते. यंत्र तीन वेळा चार तास, म्हणजे 12 तास. हे 12 तासही कमी पडतात, म्हणून पाणी मोजून प्यायचे, केळी-नारळपाणी टाळायचे. एक फेरी चुकली की अंगात पाणी साठते, श्वास लागतो आणि रक्तात पोटॅशियम वाढते. ते एका पातळीपलीकडे गेले की हृदयाचा ठोका बिघडून थांबू शकतो. सलग दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस सर्वात धोक्याचा असतो. म्हणून डायलिसिसचा दावा अडकणे आणि मोतीबिंदूचा दावा अडकणे यांची तुलनाच नको. मोतीबिंदूत 38 हजार उशिरा येतात. डायलिसिसमध्ये पैशाअभावी फेरी चुकते.

समजा एका फेरीला 1,800 रुपये लागतात. आठवड्याला तीन याप्रमाणे वर्षाला 156 फेऱ्या, म्हणजे 2,80,800 रुपये. 3 लाखांच्या पॉलिसीत मागे उरले 19,200. त्याच वर्षी फिस्टुला बंद पडला, छातीत जंतुसंसर्ग होऊन आयसीयूची वेळ आली, तर ती रक्कम दोन दिवसही पुरणार नाही. काही पॉलिसी संपलेली रक्कम पुन्हा भरून देतात, पण अनेक ठिकाणी त्याच आजारासाठी ती वापरता येत नाही. आमचे मत असे की सोनाळ्यासारख्या गावातल्या कुटुंबाने नियमित डायलिसिस शक्यतो शासकीय योजनेतून करून घ्यावे, आणि स्वतःची पॉलिसी असल्यास ती अचानक येणाऱ्या भरतीसाठी राखून ठेवावी.

ती योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आता तिची सांगड केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी घातली आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही आता यातून वगळलेले नाही. डायलिसिस यात ठरलेल्या पॅकेजने मिळते, आणि येथे चोवीस तासांचा प्रश्नच येत नाही, कारण दर तासांवर नव्हे तर उपचारावर बांधलेला आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जायचे. पॅकेजमधल्या उपचारासाठी रुग्णालयाने वेगळे पैसे मागायचे नाहीत. मागितले तर 155388 या क्रमांकावर तक्रार करता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न विचारता आयुष्मान कार्ड मिळते. याशिवाय जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्यासाठी 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना तेथे ते मोफत आहे.

खासगी पॉलिसीतूनच डायलिसिस करायचे असेल, तर तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच जागेची. पॉलिसीत ‘रुग्णालय’ म्हणजे दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात निदान दहा खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, स्वतःचे ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी. ‘डे केअर केंद्रा’ला खाटांची अट नाही, पण थिएटरची आहे. आता एखाद्या व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर फक्त पाच यंत्रे लावून चालणारे डायलिसिस केंद्र या दोन्हींत बसते का, हा वाद निर्माण होतो. उपचार यादीत आहे, पण जागा व्याख्येत नाही, असे कारण देऊन दावा परत येतो. म्हणून पहिली फेरी घेण्याआधीच केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, आणि त्या केंद्राचे नाव लिहून कंपनीला ईमेलवर विचारावे की येथले डायलिसिस देय आहे का. फोनवरचे ‘हो’ पुढे सापडत नाही, लेखी ‘हो’ सापडते.

दुसरी ठेच जुन्या आजाराची. मूत्रपिंडे एका दिवसात निकामी होत नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या चिठ्ठीवर क्रिएटिनिन 2.1 लिहिलेले असते, किंवा रक्तदाबाची गोळी चालू असते आणि पॉलिसीच्या अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असे एजंटने भरलेले असते. दावा आला की कंपनी ती चिठ्ठी शोधते. अर्जात आजार सांगितलेला असेल, तर आधीच्या आजाराचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. तो संपला की डायलिसिस देय होते. आजार लपवला असेल, तर त्या मुद्द्यावर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, तर मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला लपवल्याचे कारण पुढे करता येत नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या पट्ट्यात राहणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी आणि जे निघेल ते अर्जात लिहावे. हप्ता थोडा वाढेल, क्वचित अर्ज नाकारलाही जाईल. पण पाच वर्षे हप्ते भरून ऐनवेळी कोरडे हात घेऊन बसण्यापेक्षा ते परवडले.

तिसरी ठेच कागदांची, आणि ती सर्वात टाळता येण्याजोगी आहे. प्रत्येक फेरी हा विम्याच्या लेखी स्वतंत्र उपचार असतो. महिन्याची तेरा फेऱ्यांची एकच चिठ्ठी आणि ‘डायलिसिस चार्जेस’ असे एकच बिल पुरत नाही. प्रत्येक फेरीचा तक्ता लागतो. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आधीचे आणि नंतरचे वजन, रक्तदाब, डायलायझर नवा की पुन्हा वापरलेला, आणि सही. आठवड्याला किती फेऱ्या लागतात हे लिहिलेले किडनीतज्ज्ञाचे पत्र एकदा जोडावे. कागद 30 दिवसांत देण्याची अट प्रत्येक फेरीच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. दोन-तीन महिन्यांचे गाठोडे बांधून पाठवण्याची सवय म्हणून घातक. दर पंधरा दिवसांनी पाठवावे. उशीर झालाच आणि त्याला खरे कारण असेल, तर केवळ उशिरासाठी रास्त दावा फेटाळू नये, असे नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना बजावले आहे. रक्तवाढीची इंजेक्शने डायलिसिसच्या वेळीच दिली जात असतील, तर ती त्याच बिलात, त्याच तारखेला लिहून घ्यावीत. मेडिकलमधून वेगळी घेतली की ती बाह्यरुग्णाची औषधे ठरण्याची शक्यता असते. हाताला फिस्टुला करण्याची छोटी शस्त्रक्रिया मात्र भूल देऊन थिएटरमध्ये होते, म्हणून ती व्याख्येनेच डे केअर आहे. ती डायलिसिस लागण्याच्या काही महिने आधीच करावी, कारण ती शीर तयार व्हायला सहा आठवडे तरी जातात. उशीर झाला की मानेत नळी घालावी लागते आणि नळीसोबत जंतुसंसर्ग येतो.

दावा नाकारलाच, तर ‘चोवीस तास भरती नव्हती’ एवढेच कारण शेवटचे मानू नये. वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाने मार्च 2023 मध्ये अशाच प्रकरणात रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. नव्या तंत्राने उपचार कमी वेळात होत असेल, तर केवळ भरती चोवीस तासांपेक्षा कमी होती म्हणून पैसे नाकारता येणार नाहीत, असे आयोगाने म्हटले. मे 2024 च्या परिपत्रकाने नियामकानेही कंपन्यांना बांधले आहे : दावा नाकारायचा तर कंपनीच्या आढावा समितीची संमती हवी आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाने नाकारला ते लिहून द्यायला हवे. ते कलम हातात आल्याशिवाय भांडण सुरूच करू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. बुलढाणा जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो.

एवढे सगळे रुग्णाने करायचे, आणि कंपन्यांनी काय? डायलिसिसच्या प्रत्येक फेरीला नवी मंजुरी मागण्यात काही अर्थ नाही. आजार पुढच्या सोमवारी बरा होणार नसतो. तीन महिन्यांची एकत्र मंजुरी द्यावी, फेरीचे तक्ते मागाहून तपासावेत. डे केअरची यादी पॉलिसीच्या शेवटच्या पानांत इंग्रजीत दडवण्याऐवजी मराठीत, पहिल्या पानावर असावी, आणि मोतीबिंदूची मर्यादा रुपयांत लिहावी, टक्क्यांत नव्हे. शासनाकडेही एक मागणे आहे. योजनेतून यंत्राचे पैसे मिळतात, प्रवासाचे मिळत नाहीत. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांचे नाव आहे, पण ज्याला यंत्रावरून उठल्यावर उभे राहताना चक्कर येते, त्याला अकोल्याहून सोनाळ्यापर्यंत गाड्या बदलत येणे झेपत नाही. घरचे मग भाड्याची गाडी करतात, आणि वर्षाच्या 156 फेऱ्यांचे ते भाडे कोणत्याही पॉलिसीत किंवा पॅकेजमध्ये बसत नाही. संग्रामपूर तालुक्यातच चार यंत्रे चालवली, तर ते भाडेही वाचेल आणि आठवड्याची तिसरी फेरीही चुकणार नाही.